सात मायक्रॉनचा फरक: बोअर गेजचा झिरो, रिंग आणि काटा उलटण्याची जागा

जॉब साधा होता. मध्यम कार्बन स्टीलचं बुश, लांबी ६० मिमी, बोअर ५० एच७. म्हणजे बोअर ५०.००० च्या खाली नको आणि ५०.०२५ च्या वर नको. सीएनसी लेथवर बोअरिंग बारने शेवटचा कट, प्रत्येक पीस डायल बोअर गेजने तपासलेला, माप रजिस्टरमध्ये लिहिलेलं. चाळीस पिसांच्या लॉटमध्ये सगळ्यात लहान बोअर ५०.०१६ आणि सगळ्यात मोठा ५०.०२२. वरच्या हद्दीला अजून तीन मायक्रॉन शिल्लक, त्यामुळे लॉट निर्धास्तपणे पाठवला गेला.

ग्राहकाकडे तोच लॉट २० अंशांच्या खोलीत एअर गेजवर तपासला गेला आणि मापं ५०.०२३ ते ५०.०२९ आली. चाळीसपैकी बावीस पीस हद्दीबाहेर. मोठा झालेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही, त्यामुळे ते बावीस पीस भंगारातच जाणार.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. लहान मशीन शॉपमध्ये ज्या चुका नेहमी सापडतात त्या एकाच जॉबवर आणून दाखवल्या आहेत, आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे सुटसुटीत ठेवले आहेत. यातली कुठलीच चूक ओढूनताणून आणलेली नाही. ज्याने रोज बोअर गेज हातात धरलं आहे त्याला प्रत्येक चूक ओळखीची वाटेल.

दोन्हीकडची मापं शेजारी शेजारी मांडली की पहिली गोष्ट लक्षात येते ती फरकाची. तो जवळजवळ प्रत्येक पिसावर सारखाच आहे, सहा ते आठ मायक्रॉन, बहुतेक ठिकाणी सात. मोजणाऱ्याचा हात चुकत असता तर फरक एका पिसावर दोन, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर उलट्या बाजूचा असा विखुरलेला आला असता. फरक सगळीकडे एकाच बाजूला आणि एकसारखा असेल तर आधी झिरोकडे बघायचं. झिरो, म्हणजे माप माहीत असलेल्या सेटिंग रिंगमध्ये गेज घालून डायलचं शून्य लावणं, सकाळी एकदा मारला जातो आणि त्यातली चूक दिवसभर प्रत्येक पिसावर तशीच उतरते.

गेजच्या आत काय चालतं

वापरलेलं गेज ३५ ते ६० मिमी रेंजचं, नेहमीचं दोन टोकांचं होतं. एका बाजूला बदलता येणारा स्थिर रॉड, म्हणजे ॲन्व्हिल. समोरच्या बाजूला आत-बाहेर सरकणारं टोक. सरकत्या टोकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगवर बसलेली मार्गदर्शक पट्टी, म्हणजे गाइड. टोक आत दाबलं गेलं की दांडीतली सळई वर सरकते आणि डायलचा प्लंजर ढकलते. डायल एका मायक्रॉनच्या घरांचा, काट्याची एक फेरी ०.२ मिमीची, पूर्ण चाल १ मिमीची.

यातून काट्याची दिशा ठरते, आणि ती पक्की डोक्यात बसलेली असावी. बोअर लहान असेल तर टोक जास्त दाबलं जातं, प्लंजर वर जातो आणि काटा घड्याळाच्या दिशेने फिरतो. बोअर मोठा असेल तर काटा उलट दिशेने जातो. बाहेरचं माप घेणाऱ्या डायलच्या हे अगदी विरुद्ध आहे. बऱ्याच डायलवर घड्याळाच्या दिशेला अधिकाचं चिन्ह असतं. बोअरच्या बाबतीत ती बाजू वजाची आहे. नवीन मुलाला गेज हातात देताना आकडे शिकवण्याआधी त्याच्याकडून प्लंजर बोटाने दाबून घ्यावा आणि काटा कुठे जातो ते बघायला लावावं. एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो.

आता व्यास कुठे सापडतो ते पाहू. बोअरमध्ये गेज दोन तऱ्हांनी वाकडं बसू शकतं. एक म्हणजे आडवं सरकून: दोन्ही टोकं बोअरच्या मधोमध न बसता एका बाजूला बसतात आणि व्यासाऐवजी जीवा मोजली जाते. जीवा व्यासापेक्षा नेहमी लहान, म्हणून या दिशेत खरा व्यास हे सर्वांत मोठं माप. हे काम गाइड करतो. त्याचे दोन्ही खांदे भिंतीला टेकले की टोक आपोआप मधोमध येतं. दुसरी तऱ्हा म्हणजे दांडी बोअरच्या अक्षाला समांतर न राहता पुढे किंवा मागे कलणं. मग दोन टोकांमधली रेघ तिरकी होते आणि तिरकी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. म्हणून या दिशेत खरा व्यास हे सर्वांत लहान माप. इथे गाइडचा काही उपयोग नाही, हे काम हातानेच करावं लागतं. दांडी पुढे-मागे डोलवायची आणि काटा घड्याळाच्या दिशेने जास्तीत जास्त जिथे जाऊन परत फिरतो ती जागा पकडायची. यालाच शॉपमध्ये टर्निंग पॉइंट म्हणतात.

कल किती नडतो याचा अंदाज हवा. तिरक्या रेघेची लांबी म्हणजे व्यास भागिले कलाच्या कोनाचा कोसाइन. ५० मिमीच्या बोअरमध्ये अर्धा अंश कल असेल तर माप साधारण २ मायक्रॉनने फुगतं. १ अंशाला साडेसात, २ अंशांना तीस आणि ३ अंशांना जवळपास सत्तर मायक्रॉन. टोकं गोलाकार असल्यामुळे प्रत्यक्षात आकडे यापेक्षा थोडे कमी येतात, पण चाल अशीच राहते: कल दुप्पट झाला की चूक चौपट. १ अंश म्हणजे किती? २०० मिमी दांडीचं वरचं टोक साडेतीन मिलिमीटर सरकणं. कितीही अनुभवी डोळ्याला नुसतं बघून एवढा फरक कळत नाही. गेज सरळ दिसतं, आणि एच७ च्या पंचवीस मायक्रॉनपैकी सात-आठ तिथेच गेलेले असतात.

सकाळी झिरो कसा मारला गेला

ऑपरेटर जॉब मोजताना गेज नीट डोलवायचा, काटा परतायची जागा बघायचा आणि तिथलाच आकडा लिहायचा. त्याची ती सवय उत्तम होती. पण झिरो मारताना त्याने रिंग डाव्या हातात धरली, गेज आत घातलं, काटा थांबल्यावर बेझल फिरवून शून्य काट्याखाली आणलं आणि बेझल लॉक केला. डोलवलं नाही. रिंग मास्टर आहे, तिथे मोजायचं काही नाही, फक्त शून्य लावायचं, असा त्यामागचा विचार. हा विचार फार जणांच्या डोक्यात असतो आणि मोठं नुकसान करतो.

रिंगमध्ये गेज एक-सव्वा अंश कललेलं होतं. म्हणजे शून्याच्या वेळी दोन टोकांमधली लांबी रिंगच्या व्यासाएवढी नव्हती, त्याहून साडेसात मायक्रॉनने जास्त होती. नंतर जॉबमध्ये गेज व्यवस्थित डोलवलं गेलं आणि काटा शून्यावरून परतला, तर तो बोअर रिंगएवढा नसून रिंगपेक्षा साडेसात मायक्रॉन मोठा असणार. थोडक्यात, रिंगमधला कल जॉबचं माप कमी दाखवतो. उलट, रिंगमध्ये बरोबर डोलवून जॉबमध्ये तिरकं धरलं तर जॉबचं माप जास्त दिसतं. रिंग आणि जॉब दोन्हीकडे सारखंच तिरकं धरणाऱ्याच्या दोन्ही चुका एकमेकांना खाऊन टाकतात आणि माप बरोबर येतं. असा माणूस वर्षानुवर्षं न डोलवता काम करतो आणि त्याचं निभावतंही. त्याच्या झिरोवर दुसऱ्याने, नीट डोलवणाऱ्याने, मोजायला घेतलं की फरक उघडा पडतो. शिफ्ट बदलल्यावर माप बदललं, ही तक्रार आली की हे आधी तपासावं.

दुसरी गोष्ट रिंगवर कोरलेल्या आकड्याची. रिंगच्या तोंडावर ५०.००४ असं लिहिलेलं होतं. सेटिंग रिंग ही नेमकी ५०.००० बनवलेली नसते. ती त्याच्या आसपास बनवतात आणि मग तिचं प्रत्यक्ष माप काढून तिच्यावर किंवा सर्टिफिकेटवर लिहितात. ऑपरेटरने ती ‘पन्नासची रिंग’ म्हणून घेतली आणि शून्याला ५०.००० धरलं. इथे आणखी चार मायक्रॉन त्याच बाजूला गेले, जॉब कमी दिसण्याच्या बाजूला.

साडेसात आणि चार मिळून साडेअकरा झाले. पण ग्राहकाच्या मापाशी फरक तर सातच होता. उरलेले साडेचार कुठे गेले?

फरक उलगडला तो असा

सुरुवातीला सगळ्यांचं बोट तापमानाकडे गेलं. पीस मशीनवरून उतरवला की दोन-तीन मिनिटांत मोजला जात होता. स्पर्शाच्या थर्मामीटरने पाहिलं तेव्हा ताजा पीस ३७ अंश आणि टेबलावरची रिंग २९ अंश निघाली. स्टील १ अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिमीला आणि ८ अंशांच्या फरकाला हे होतात साडेचार मायक्रॉन. म्हणून ग्राहकाने परत पाठवलेल्या बावीस पिसांपैकी काही रात्रभर रिंग आणि गेजशेजारी एकाच सरफेस प्लेटवर ठेवले, झिरोला हात लावला नाही आणि सकाळी पुन्हा मोजले.

अपेक्षा अशी होती की फरक कमी होईल. तो वाढला. रजिस्टरमध्ये ५०.०२२ लिहिलेला पीस आता सतरा आणि अठरा घरांच्या मध्ये परतत होता, म्हणजे ५०.०१७५. ग्राहकाचं माप ५०.०२९. फरक सातवरून साडेअकरावर गेला.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गरम जॉबचा बोअर फुगलेला असतो, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. झिरोच्या दोन्ही चुका जॉबला लहान दाखवत होत्या. तापमानाची चूक उलट्या बाजूची होती आणि तिने त्यातले साडेचार मायक्रॉन झाकून ठेवले होते. जॉब थंड केला तेव्हा ते झाकण उघडलं. एका चुकीमागे दुसरी लपलेली असेल तर एकच दुरुस्त केल्यावर परिस्थिती बिघडल्यासारखी दिसते. अनेक ठिकाणी माणसं इथेच थांबतात, ‘थंड करून उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि पुन्हा गरम जॉब मोजायला लागतात.

पुढची तपासणी अगदी साधी आणि या सगळ्यात सगळ्यात कामाची. झिरो तसाच ठेवून गेज पुन्हा रिंगमध्ये घातलं, रिंग प्लेटवर सपाट ठेवली आणि गेज जॉबमध्ये डोलवतात तसंच डोलवलं. झिरो बरोबर असता तर काटा शून्यावरून परतला असता. तो शून्य ओलांडून घड्याळाच्या दिशेने सात-आठ घरं पुढे गेला आणि तिथून परतला. पाच वेळा केलं, पाचही वेळा सात ते आठच्या मध्ये. म्हणजे झिरो उलटण्याच्या जागेवर मारलेलाच नव्हता. मग रिंग हातात घेऊन तिच्यावरचा आकडा वाचला आणि उरलेले चार मायक्रॉन सापडले.

एका पिसाचा पूर्ण हिशेब असा. रजिस्टरमधलं माप ५०.०२२. त्यात रिंगचे ४ मिळवा, झिरोच्या कलाचे साडेसात मिळवा, गरमपणाचे साडेचार वजा करा. येतं ५०.०२९. ग्राहकाचा एअर गेज बरोबर बोलत होता.

रिंगवर झिरो पुन्हा मारताना

दुरुस्तीसाठी गेज पहिल्यापासून लावलं गेलं. त्यातल्या काही पायऱ्या घाईत सुटतात, म्हणून त्या सविस्तर.

आधी ॲन्व्हिल आणि त्यामागचे वॉशर असे निवडले की मोकळ्या गेजची लांबी ५० पेक्षा सुमारे ०.४ मिमी जास्त राहील. ती बाहेरच्या मायक्रोमीटरने ढोबळ बघितली तरी चालते. लांबी फार ठेवली तर डायलची चाल संपते, फार कमी ठेवली तर मोठ्या बोअरमध्ये टोक भिंतीला नीट टेकतच नाही. ॲन्व्हिलचा लॉक नट पक्का आवळला. तो सैल राहिला तर वीस पिसांनंतर झिरो हळूहळू सरकतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

मग डायल दांडीत बसवला. प्लंजर आतल्या सळईला टेकून काटा एक फेरी फिरेपर्यंत, म्हणजे ०.२ मिमी, डायल खाली दाबला आणि क्लॅम्प आवळला. हा आधीचा दाब नसेल तर मोठ्या बोअरमध्ये सळई आणि प्लंजर एकमेकांपासून सुटतात आणि काटा काहीही दाखवतो. फेरी एकच पुरे, कारण चाल एकूण १ मिमीची आहे आणि रिंगमध्ये आणखी ०.४ जाणार आहेत. क्लॅम्पही बेताने आवळायचा. जास्त जोर लावला तर डायलची नळी आवळली जाऊन प्लंजर अडकतो. हे कळायला सोपं आहे: टोक बोटाने दाबून सोडलं की काटा दरवेळी त्याच घरावर परत यायला हवा. एखाद-दोन घरं मागे राहत असेल तर क्लॅम्प सैल करून पुन्हा बघायचं.

रिंग, गेजची टोकं आणि गाइड धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घेतले. रिंगच्या आतलं संरक्षक तेल पूर्ण काढावं लागतं, तेलाचा थर एक-दोन मायक्रॉन सहज खातो. नंतर रिंग सरफेस प्लेटवर सपाट ठेवली. हातात धरलेली रिंग हलते हा एक तोटा, आणि तळहाताने ती तापते हा दुसरा. रिंग ५ अंशांनी तापली तरी तिचा व्यास जवळपास ३ मायक्रॉन वाढतो, आणि झिरो त्या फुगलेल्या रिंगवर मारला जातो. गेज धरतानाही हात दांडीवरच्या मुठीवरच ठेवायचा. उघड्या धातूवर नको.

गेज आत घालताना थोडं तिरकं करून गाइडची बाजू आधी भिंतीला टेकवली, गाइड दाबला आणि मग दांडी उभी करत ॲन्व्हिल आत उतरवला. सरळ वरून ढकललं तर टोक रिंगच्या कडेवर घासतं आणि रिंगवर ओरखडा पडतो. मग पुढच्या प्रत्येक झिरोवर तो ओरखडा मोजला जातो. टोकं रिंगच्या उंचीच्या मधोमध आणली, तोंडाच्या चॅम्फरपासून लांब.

आता डोलवणं. ते फार मोठं नको. दांडीचं टोक मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १ सेंटिमीटर गेलं की ३ अंश होतात, आणि तेवढ्यात काटा पन्नास-सत्तर घरं जाऊन येतो. वेग सावकाश. काटा घड्याळाच्या दिशेने धावत येतो, जवळ आल्यावर मंदावतो, क्षणभर थांबल्यासारखा दिसतो आणि परत फिरतो. पुढे डोलवताना आणि मागे आणताना, दोन्ही वेळा त्याने त्याच घरावरून परतायला हवं. काटा एकाच बाजूला चालत राहिला आणि परतलाच नाही, तर डोलणं अजून मध्य ओलांडून गेलेलं नाही. काटा थांबला म्हणजे उलटला असं समजणं ही इथली नेहमीची फसगत. हात थांबल्यामुळेही काटा थांबतो. उलटणं म्हणजे हात पुढेच जात असताना काटा मागे येणं.

डोलवताना दांडी स्वतःभोवती पिळायची नाही. पीळ बसला की गाइडचा एक खांदा भिंतीपासून सुटतो, टोक मधोमध राहत नाही आणि उलटण्याची जागा दर वेळी वेगळी येते. डोळा डायलच्या अगदी समोर ठेवायचा. बाजूने बघितलं तर काटा एक-दीड घर सरकलेला दिसतो आणि एवढं गेज एक मायक्रॉनचं असून उपयोग होत नाही.

आता शून्य. रिंग ५०.००४ ची आहे, तेव्हा दोन रस्ते आहेत. पहिला, काटा जिथे उलटतो तिथेच बेझलचं शून्य आणायचं आणि प्रत्येक मापात ४ मिळवायचे. हिशेबाला हे बरोबर आहे, पण रात्रपाळीला कुणीतरी ते चार विसरतो. दुसरा रस्ता, शून्याचा अर्थच ५०.००० करून टाकायचा. रिंग ५०.००० पेक्षा ४ मायक्रॉन मोठी आहे आणि मोठ्या बोअरमध्ये काटा घड्याळाच्या उलट दिशेने जातो, म्हणून बेझल असा फिरवायचा की रिंगमध्ये काटा शून्याच्या आधी, उलट दिशेच्या चौथ्या घरावरून परतेल. हे चार घरं दुसऱ्या बाजूला लावले गेले तर चूक मिटण्याऐवजी दुप्पट होते, आठ मायक्रॉन. या शॉपने दुसरा रस्ता घेतला आणि रिंगच्या डबीवर चिठ्ठी लावली: ‘रिंगमध्ये काटा ४ घरं उलट बाजूला उलटला पाहिजे.’ बेझल लॉक केल्यावर पुन्हा तीनदा डोलवून पाहिलं, कारण लॉकचा स्क्रू आवळतानाच बेझल अर्धं-एक घर सरकतो.

मशीनवर परत

खरी मापं ५०.०२३ ते ५०.०२९ म्हटल्यावर बोअर सरासरी ५०.०२६ वर चालत होता. टॉलरन्सचा मध्य ५०.०१२५. म्हणून टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये व्यासाला ०.०१३ कमी केले. पुढच्या लॉटचे पहिले पाच पीस रिंगशेजारी थंड होऊ दिले आणि मग मोजले. मापं ५०.०११ ते ५०.०१५ च्या मध्ये आली. ग्राहकाकडे पाठवलेल्या त्याच पाच पिसांची मापं एका मायक्रॉनच्या आत जुळली.

प्रत्येक पीस थंड होईपर्यंत थांबणं उत्पादनात परवडत नाही. तिथे एक व्यवहारी तोड आहे. मशीनवरून उतरल्यावर ठरावीक वेळाने एक पीस मोजायचा, तोच पीस दोन तासांनी थंड झाल्यावर पुन्हा मोजायचा आणि येणारा फरक त्या जॉबसाठी लिहून ठेवायचा. जॉब, कुलंट आणि मोजण्याची वेळ तीच असेल तर फरक बऱ्यापैकी स्थिर राहतो. मात्र रिंग स्टीलची आणि जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर दोघं एकाच तापमानाला आले तरी काम संपत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट वाढतं. २९ अंशांच्या शॉपमध्ये ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर स्टीलच्या रिंगच्या तुलनेत पाच मायक्रॉन मोठा दिसतो आणि २० अंशांवर तो फरक नाहीसा होतो. तो हिशेबाने वजा करावा लागतो.

दर बारा पिसांनंतर गेज रिंगमध्ये घालून डोलवून बघायचं, हेही ठरलं. काटा ठरलेल्या चौथ्या घरापासून एका घराहून जास्त सरकलेला दिसला तर नुसता झिरो नव्याने मारून पुढे जायचं नाही. मागचे बारा पीस आधी बाजूला काढायचे, कारण सरकणं त्यांच्यातल्या कुठल्या पिसापासून सुरू झालं हे कुणाला माहीत नसतं. मग कारण शोधायचं: ॲन्व्हिलचा नट, डायलचा क्लॅम्प, गाइडखाली अडकलेला बारीक बर. गेज हातातून पडलं असेल तर बारा पिसांची वाट बघायची नाही, लगेच रिंगकडे जायचं.

एक गोष्ट या गेजने दिसणारच नाही. हे बुश पातळ भिंतीचं आहे आणि तीन जबड्यांच्या चकमध्ये धरलं जातं. चक जास्त आवळला की बुश तीन ठिकाणी आत दाबतं, बोअरिंग बार त्या दबलेल्या अवस्थेत गोल कापतो आणि जबडे सुटल्यावर बोअर किंचित तीन कोपऱ्यांचा होतो. अशा आकारात एका कोपऱ्यासमोर नेहमी दुसऱ्या बाजूची दबलेली भिंत येते, त्यामुळे दोन टोकांचं गेज कुठूनही फिरवलं तरी जवळजवळ तेच माप दाखवतं. काटा सुरेख उलटतो, आकडा हद्दीत असतो आणि शाफ्ट मात्र आत जात नाही. दोन दिशांना ९० अंशांवर मोजून लंबवर्तुळ पकडता येतं, तीन कोपरे नाहीत. त्यासाठी दर लॉटचा पहिला पीस तीन टोकांच्या इंटर्नल मायक्रोमीटरने किंवा गो प्लग गेजने बघायचा आणि चकचा दाब तितका कमी करायचा की बोअर गेजचं माप आणि प्लगचा अनुभव एकमेकांशी जुळतील.